एक्स्चेंजमध्ये दिलेले पाप

जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात, जुने टायर शिजवून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. दोन बाया आणि दोन मुले मेली. कारखान्याच्या स्फोटात मुले मरतात तेव्हा कामाची जागा आणि घर यांच्यात भिंतही नव्हती, हे वेगळे सांगावे लागत नाही. बातमी दोन दिवस चालली. त्या भट्टीत युरोपातून आलेले टायर होते असे पुढे बीबीसीच्या शोधवृत्तातून समजले आणि अंधेरी-बोरिवलीच्या शिकल्यासवरल्या माणसाने सुटकेचा श्वास सोडला. गोऱ्यांचा कचरा, आपला नव्हे!

हा सुटकेचा श्वासच मला गुन्ह्यासारखा वाटतो. भट्टी टायरचे पारपत्र विचारत नाही. मुलुंडहून भिवंडीमार्गे वाडा साठेक किलोमीटर आहे. ब्रिटनहून जहाजाने टायर आणणे ज्याला परवडते, त्याला मुलुंडहून टेम्पो भरून आणणे परवडत नसेल काय? युरोपाने जे समुद्रापार केले, ते आपण ठाण्याची खाडी ओलांडून करतो. फरक अंतराचा आहे, नीतीचा नाही.

प्रत्येकाने आठवून पाहावे. गाडीचे टायर गुळगुळीत झाले म्हणून आपण घाटकोपरच्या किंवा अंधेरीच्या एखाद्या दुकानात गेलो. चार नवे टायर घेतले. कंपनी कोणती, किती किलोमीटर चालेल, अलाइनमेंट फुकट आहे की नाही, सगळे विचारले. जुन्या टायरचे दुकानदाराने एक्स्चेंज म्हणून प्रत्येकी शेदोनशे रुपये कमी केले, तेव्हा आणखी पन्नास कमी करा म्हणून घासाघीसही केली. पण हे चार टायर तुम्ही कोणाला देणार, एवढा एक प्रश्न आपल्या तोंडून निघाला नाही. भाजीवालीच्या काट्यावर संशय घेणारा माणूस इथे मात्र एकदम भोळा होतो. विचारले तर उत्तर ऐकावे लागेल, ही भीती त्या भोळेपणाच्या तळाशी आहे.

उत्तर असे आहे. दुकानामागे किंवा फुटपाथवर जुन्या टायरची चळत लागते. आठवड्या-पंधरवड्याने भंगारवाल्याचा टेम्पो येतो आणि तिथेच निवड होते. ट्रक-बसच्या टायरची बॉडी धड असेल तर ती बाजूला निघते, कारण तिच्यावर नवा थर चढवता येतो. ज्या कारच्या किंवा रिक्षाच्या टायरात थोडी जान दिसते, तो सेकंडहँड म्हणून विकायला जातो. उरलेले किलोवर विकले जातात.

या सेकंडहँड टायरापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण इथली लबाडी बारीक आहे. झिजलेल्या टायरवर तापलेल्या पात्याने पुन्हा खाचा मारतात, वरून काळे पॉलिश फासतात, आणि तो टायर एखाद्या रिक्षावाल्याच्या किंवा टेम्पोवाल्याच्या गळ्यात मारतात. ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक टायरच्या खाचांच्या तळाशी जागोजागी आडवे छोटे उंचवटे असतात. कारच्या टायरवर ते १.६ मिलिमीटर उंच असतात. खाच झिजत त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पुन्हा खाच मारताना हे उंचवटे कापले जातात. म्हणजे खोल, ताज्या दिसणाऱ्या खाचेत उंचवटाच नसेल, तर ती खाच कारखान्यातली नव्हे. त्या खाचेखाली रबराचा पापुद्रा आणि त्याखाली लगेच तारांचा पट्टा असतो. पावसाळ्यात द्रुतगती महामार्गावर असा टायर फुटला की आपण चालकाला दोष देतो. टायर आपण दीडशे रुपयांना सोडलेला असतो.

म्हणून टायर दुकानात देताना त्याच्या बगलेवर आपल्या डोळ्यांदेखत आरपार चीर मारून घ्यावी. बगल चिरलेला टायर कोणी पुन्हा चाकावर चढवू शकत नाही. दुकानदार कुरकुरेल, एक्स्चेंजचे पैसे कमी देईल. तेवढे सोसावे.

आता किलोवर गेलेल्या टायरकडे वळू. टायर वितळवून नवा टायर का होत नाही, असे मुले विचारतात आणि मोठी माणसे गप्प बसतात. रबर गंधकाबरोबर तापवले की त्याचे लांबलचक रेणू एकमेकांना गंधकाच्या पुलांनी जखडले जातात. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये हे साधले, म्हणून टायर उन्हात पाघळत नाही आणि थंडीत तडकत नाही. पण पोळी एकदा भाजली की तिची पुन्हा कणीक होत नाही, तसेच या रबराचे झाले. शिवाय टायर नुसता रबराचा नसतो. त्यात साधारण पाचवा हिस्सा काजळी असते, रेडियल टायरात दर दहा किलोंमागे किलो-दीड किलो पोलादी तार असते, कापडाचे थर, जस्ताचे संयुग, तेले असतात. हे सगळे एकजीव करण्यासाठी कारखान्यात जेवढी अक्कल खर्च होते, तेवढीच ते सोडवण्यासाठी लागते. ती अक्कल महाग आहे. भट्टी स्वस्त आहे.

भट्टी म्हणजे लोखंडाचा आडवा, फिरता पिंप. टायर आत कोंबायचे, दार घट्ट आवळायचे, खालून जाळ करायचा. आत हवा नसल्यामुळे टायर जळत नाही, साडेचारशे अंशांच्या आसपास त्याचे रेणू तुटतात आणि वाफ होते. वाफ थंड केली की काळपट तेल मिळते. मागे काजळी आणि तार उरते, आणि जो वायू थंड होऊनही तेल होत नाही तो पुन्हा जाळासाठी वापरतात. आपल्या चार टायरांचा हिशेब मांडू. झिजलेला कारचा टायर आठ किलोंचा धरला तर चारांचे बत्तीस किलो. त्यातून तेरा-चौदा किलो तेल, दहा-अकरा किलो काजळी, चारेक किलो तार आणि उरलेला वायू. तेल कारखान्यांच्या बॉयलरात आणि भट्ट्यांत जाळले जाते, तार भंगारात जाते. सगळ्याला गिऱ्हाईक आहे. कागदावर पाहिले तर कचऱ्यातून कांचन.

घात होतो तो दार उघडण्याच्या वेळी. पिंप पुरता निवायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्या वेळात दुसरा घाणा निघू शकतो. मालकाला घाई असते. गरम पिंप उघडला की आतला उरलेला वायू आणि पिठासारखी बारीक काजळी बाहेरच्या हवेला भेटते आणि भडका उडतो. वाफेच्या नळीत मेण किंवा काजळी साचून ती तुंबली, तर आतला दाब वाढत जातो आणि पिंपच फुटतो. म्हणून नियम सांगतात की आधी नायट्रोजन सोडून आतला वायू हाकलावा, काजळी बंद नळीतून यंत्राने काढावी, दाब दाखवणारी आणि दाब सोडणारी झडप चालू असावी. जिथे मजूर फावड्याने काजळी ओढून गोणीत भरतो, अंग, नाक, थुंकी सगळे काळे होते, तिथे यातले काहीच नाही हे ओळखायला पर्यावरणशास्त्राची पदवी लागत नाही. भट्टीच्या आसपासची झाडांची पाने बोटाने पुसून पाहिली तरी कळते.

हे अडाण्यांचे अपवाद आहेत असेही कोणी म्हणू नये. राष्ट्रीय हरित लवादापुढे २०१९ मध्ये हा विषय आला, तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मांडलेल्या पाहणीत १९ राज्यांतल्या ६३७ भट्ट्यांपैकी २५१ नियम पाळत होत्या, २७० पाळत नव्हत्या आणि ११६ बंद होत्या. म्हणजे चालू भट्ट्यांपैकी निम्म्याहून अधिक बेकायदा वागत होत्या, आणि ही गणती ज्यांची कागदावर नोंद होती त्यांची. वाड्याच्या स्फोटानंतर सात भट्ट्यांना टाळे लागले. चार जीव गेल्यावर जे टाळे सापडते, ते आधी कोणत्या कपाटात होते, हे सरकारने सांगावे. ज्यांच्या शेजारी या भट्ट्या धूर ओकत होत्या त्या गावकऱ्यांनी खोकल्याची, डोळे चुरचुरण्याची तक्रार केली होती. वारली-कातकऱ्यांच्या तालुक्यातला खोकला मंत्रालयापर्यंत ऐकू येत नाही. अंधेरीत एखाद्या उंच इमारतीच्या गॅलरीत धूर गेला असता तर दुसऱ्या दिवशी पाहणी झाली असती.

पण भट्टी तरी निदान दाराआड असते. आपण उघड्यावर जे करतो त्याला तर कसलीच सबब नाही. उपनगरात टायर तीन निमित्तांनी पेटतो. थंडीत रखवालदार आणि उघड्यावर झोपणारे शेकोटीत टायरचा तुकडा टाकतात, कारण तो लवकर विझत नाही. भंगारातली तार मोकळी करायला नाल्याच्या कडेला टायर जाळतात. या दोन्ही ठिकाणी जाळणाऱ्याची गरिबी तरी आहे. तिसरे निमित्त मात्र पोटभरल्यांचे आहे: होळी आणि रास्ता रोको.

होळीत गोवऱ्या आणि लाकडांखाली जुना टायर सारायचा, म्हणजे ज्वाळा उंच जाते आणि मंडळाची होळी शेजारच्या मंडळाहून मोठी दिसते, हा प्रकार उपनगरातल्या कितीतरी गल्ल्यांनी पाहिला आहे. दुष्ट प्रवृत्ती जाळायच्या म्हणून पेटवलेल्या अग्नीला आपण गंधक आणि बेंझीनचा नैवेद्य दाखवतो, मग त्याच अग्नीभोवती लहान लेकरे घेऊन प्रदक्षिणा घालतो आणि त्याच निखाऱ्यात नारळ भाजून प्रसाद खातो. धर्म बुडाला म्हणून उठसूट ओरडणाऱ्यांना इथे धर्म बुडताना दिसत नाही. होळीभोवती बोंब मारायची प्रथा आहेच. ती टायर टाकणाऱ्याच्या नावाने मारायला काय हरकत आहे? आणि निषेधाचा टायर तर सर्वपक्षीय आहे. प्रश्न पाण्याचा असो, आरक्षणाचा असो की पुतळ्याचा, चौकात टायर पेटल्याशिवाय कॅमेरा वळत नाही अशी पुढाऱ्यांची खात्री झाली आहे. ज्या वस्तीच्या हक्कासाठी आंदोलन, तिच्याच पोरांच्या छातीत तो धूर जातो, आणि टायर पेटवायला पुढे केलेला कार्यकर्ताही त्याच वस्तीतला असतो. पुढारी वाऱ्याच्या दिशेने उभा राहत नाही.

त्या धुरात असते तरी काय? उघड्यावर टायरला हवा पुरेशी मिळत नाही, म्हणून तो अर्धवट जळतो आणि अर्धवट जळणेच विषारी असते. काजळीच्या बारीक कणांवर बेंझोपायरिनसारखी कर्करोग घडवणारी संयुगे चिकटून येतात. बेंझीन, ब्युटाडाईन, गंधकाचा वायू, कार्बन मोनॉक्साइड सोबत येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ च्या अहवालात उघड्यावर जळणाऱ्या टायरच्या धुराची जनुके बिघडवण्याची शक्ती मोजून मांडली आहे: शेगडीतल्या लाकडाच्या धुराच्या सोळा पट, आणि धूर गाळणाऱ्या चांगल्या कोळसा-वीजकेंद्राच्या तेरा हजार पट. आपण औष्णिक वीजकेंद्राच्या विरोधात सह्यांची मोहीम काढतो आणि चौकात टायर पेटतो तेव्हा खिडकी लावून घेतो. शिवाय जळता टायर खालून तेल गाळतो, एका कारच्या टायरमागे सात-आठ लिटरपर्यंत. ते तेल पहिल्या पावसात पोयसर, दहिसर, ओशिवऱ्यात उतरते. अशी आग पाण्याने नीट विझतही नाही. पाणी ते तेल घेऊन आणखी पुढे पळते. माती टाकून हवा तोडावी लागते.

उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड, असा हरित लवादाचा आदेश २२ डिसेंबर २०१६ पासून आहे. हा दंड रखवालदाराला लावणे सोपे आहे. होळीच्या मंडळाच्या अध्यक्षाला आणि रास्ता रोकोच्या आयोजकाला किती वेळा लागला, ते माहितीच्या अधिकारात प्रत्येक विभाग कार्यालयाला विचारण्यासारखे आहे.

आता जो टायर जळत नाही, विकलाही जात नाही, पडून राहतो त्याचे पाहू. जुलै-ऑगस्टात मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या टेकडीवरून खालच्या वस्त्यांकडे नजर टाकली तर निळ्या ताडपत्र्यांचा समुद्र दिसतो आणि त्याच्यावर काळी वर्तुळे. पत्र्यावरची ताडपत्री वाऱ्याने उडू नये म्हणून टायर ठेवलेला असतो. तो जड असतो, टोचत नाही, ताडपत्री फाडत नाही आणि फुकट मिळतो. टायर कसाही ठेवा, आडवा किंवा उभा, त्याच्या पोटात पाणी साचतेच. ते पाणी सावलीत राहते, काळ्या रबरामुळे कोमट राहते, त्यात पालापाचोळा पडून अन्न तयार होते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला याहून बरे बाळंतघर माणसाने मुद्दाम बांधले नसते.

ही मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी चढले की अंडी भिजून फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. पाणी आटले तरी अंडी मरत नाहीत. कोरडी, महिनोन्महिने तशीच राहतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात. म्हणून टायर उलटा करून पाणी ओतले की काम झाले असे समजणारा फसतो. आतली भिंत ब्रशने खरडून धुवावी लागते, नाहीतर टायरच हलवावा लागतो. त्या चिकट अंड्यांची कर्तबगारी केवढी, तर आशियातला एडिस अल्बोपिक्टस हा डास १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला पाय रोवून बसलेला आढळला. तो तिथे पोचला आयात केलेल्या जुन्या टायरांत बसून. आपल्याकडे तो विभाग कार्यालयाच्या हद्दीही ओलांडत नसेल असे मानायचे काय?

महापालिकेचा कीटकनाशक विभाग दर पावसाळ्याआधी वस्त्यांतून टायर उचलतो, मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३८१ व्या कलमाखाली नोटिसा देतो. त्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही; उन्हात शिडी लावून पत्र्यावर चढणारा तो माणूस आपल्यापैकी अनेकांपेक्षा जास्त देशसेवा करतो. पण टायर उचलून नेले आणि ताडपत्री उडाली, तर झोपडीत राहणाऱ्या बाईने रात्रभर भिजत बसायचे काय? ती दुसऱ्या दिवशी दुसरा टायर आणते. तिला टायरच्या बदल्यात वाळूची गोणी आणि दोरी देणे हा उपाय एका डेंग्यूच्या रुग्णाच्या औषधपाण्याहून कितीतरी स्वस्त आहे. तेही जमत नसेल तर टायरची एक बगल पूर्ण कापून काढावी आणि दुसऱ्या बगलेला चार-पाच मोठी भोके पाडावीत. टायर मधोमध कापून दोन गोल पन्हळी केल्या तर मात्र एकाच्या दोन बाळंतखोल्या होतात; हे अज्ञान मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे.

आणि झोपडीकडे बोट दाखवण्याआधी सोसायटीच्या गच्चीवर जाऊन यावे. लिफ्टच्या खोलीमागे कोणाचे तरी दोन स्टेपनी टायर असतात. पार्किंगच्या खांबाला गाडी घासू नये म्हणून टायर बांधलेले असतात. कंपाउंडात पाच वर्षे उभी असलेली मृत माणसाची गाडी असते, जिच्याबद्दल सर्वसाधारण सभेत कोणी बोलत नाही. पोलीस ठाण्याबाहेर जप्त गाड्यांची रांग असते. एडिस दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही, शेदोनशे मीटरांत फिरतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला डेंग्यू झाला तर त्याचा डास बहुधा आपल्याच आवारात जन्मलेला असतो. झोपडपट्टीतून आला म्हणणे हा आपला जुना जातिवाद, नव्या कीटकशास्त्रात गुंडाळलेला.

मग करायचे काय, असे विचारले की आपल्याकडे लगेच रंगाचे डबे निघतात. टायरला पिवळा रंग लावून त्यात मनीप्लांट, दोरी गुंडाळून टीपॉय, शाळेच्या गेटवर टायरची कमान, आणि फोटो. मी या हौसेच्या विरोधात नाही. बालवाडीत टायरचा झोका मुलांना आवडतो. बंगळुरूच्या अँटहिल क्रिएशन्ससारख्या संस्थांनी टायरांतून नीट विचार करून मुलांची मैदाने उभी केली आहेत. वेसाव्याच्या आणि मढच्या होड्यांना कोळी बांधव टायर लटकवतात, कारण दोन होड्या घासल्या तर लाकडाऐवजी रबर झिजते. हा खरा उपयोग. पण शंभर सोसायट्यांनी दहा-दहा कुंड्या केल्या तरी हजार टायर झाले, तेही एकदाच. दोन पावसाळ्यांनंतर रंग उडतो, कुंडी तडकते आणि तोच टायर पुन्हा नाल्याकाठी येतो. त्यात पालेभाजी तर लावूच नये. जस्त आणि तेले मातीत झिरपतात. हौसेचा मोठा धडा अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर आहे. १९७० च्या दशकात तिथे सुमारे वीस लाख टायर समुद्रात सोडले, माशांसाठी कृत्रिम खडक होईल म्हणून, टाळ्यांच्या गजरात. बांधणीच्या कड्या गंजल्या, टायर सुटले आणि खऱ्या प्रवाळावर आपटत राहिले. ते बाहेर काढायला पुढे लष्कराचे पाणबुडे उतरवावे लागले.

टायरची खरी सद्गती कंटाळवाणी आहे, फोटोत चांगली दिसत नाही. पहिली म्हणजे पुनःस्तरण, ज्याला आपले ड्रायव्हर रिमोल्ड किंवा रिसोल म्हणतात. एस. टी. महामंडळाचे स्वतःचे टायर पुनःस्तरण कारखाने आहेत; गावोगाव फिरणाऱ्या लाल गाडीच्या चाकाखाली अनेकदा दुसरा किंवा तिसरा जन्म असतो. बॉडी तपासतात, झिजलेला भाग घासून खरबरीत करतात, जखमा भरतात, कच्च्या रबराचा थर लावतात, त्यावर खाचांची पट्टी गुंडाळतात आणि बंद टाकीत शंभर अंशांच्या वर काही तास शिजवतात. नव्या टायरच्या साधारण एक तृतीयांश मालात काम होते. अट एकच, बॉडी शाबूत हवी. गुळगुळीत होऊन तारा दिसेपर्यंत टायर पळवला, हवा कमी ठेवून चालवला, की ती संधी गेली. शाळेच्या बसचा, पाण्याच्या टँकरचा मालक टायर वेळेवर उतरवतो की नाही, हा म्हणून नुसता त्याच्या खिशाचा प्रश्न नाही. आपल्या कारच्या टायरवर मात्र हा धंदा आपल्याकडे फारसा चालत नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी वाट दळण्याची. टायरचे तुकडे करायचे, चुंबकाने तार ओढून घ्यायची, दळून रबराचा चुरा करायचा. चुरा तेल आणि वाफेच्या दाबाखाली शिजवून, रुळांतून काढून त्याच्या लाद्या करतात. पायपुसणी, सायकलचे टायर, चिखलरोधक पट्ट्या यांत त्या पुन्हा वापरल्या जातात. सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत असे काम चालते. नाहीतर चुरा डांबरात कालवतात, तेव्हा रस्ता उन्हात कमी पाघळतो आणि कमी तडकतो; त्यासाठी भारतीय मानकही आहे. पण मुंबई महापालिकेने तर उपनगरातले रस्ते काँक्रीटचे करायला घेतले आहेत. डांबरच गेले तर आपला चुरा आपल्या रस्त्यात जिरण्याचा मार्ग आक्रसतो, याचा विचार काँक्रीटच्या निविदा काढताना कोणी केला असेल असे मला वाटत नाही. तिसरी वाट सिमेंटच्या भट्टीची. तिथे चौदाशे अंशांच्या वर टायर पुरता जळतो, तारेचे लोखंडसुद्धा सिमेंटात मिसळून जाते. पण त्या भट्ट्या चंद्रपूरकडे, आणि पोकळ टायर वाहून नेणे म्हणजे निम्मी हवा वाहून नेणे. म्हणून टायर जवळच्या भट्टीकडेच घरंगळतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येत नाही. २१ जुलै २०२२ च्या अधिसूचनेने टायर बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर जबाबदारी टाकली: आधी ३५ टक्के, मग ७० टक्के आणि २०२४-२५ पासून, दोन वर्षांपूर्वी जेवढे वजन बाजारात सोडले तेवढ्या सगळ्या वजनाच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रे नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यांकडून विकत घ्यायची. तेलाच्या भट्टीसाठी जुने टायर परदेशातून आणायला बंदीही त्याच नियमांत आहे. तरी २०२५ मध्ये वाड्याच्या भट्टीत युरोपचे टायर होते! कारण कायद्याला वजन लागते, प्रवास लागत नाही. कंपनीने कुठल्या तरी राज्यातल्या कुठल्या तरी कारखान्याचे प्रमाणपत्र घेतले की तिचा हिशेब पुरा. बोरिवलीच्या दुकानातून निघालेला टायर त्या साखळीत कुठेच नसतो. दुकानदारावर पावती ठेवण्याचे बंधन नाही, भंगारवाल्यावर नाही, आपल्यावर तर नाहीच.

ते बंधन आपण स्वतःवर घालू शकतो, आणि घालत नाही, हा माझा आरोप आहे. एका सोसायटीत शंभर गाड्या असतील तर दर वर्षी शंभराच्या आसपास टायर निघतात. एवढे गिऱ्हाईक एकत्र एका दुकानाकडे गेले आणि म्हणाले, जुना माल केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेल्या पुनर्वापर कारखान्यालाच देणार असाल आणि त्या कारखान्याची पावती सोसायटीच्या नावाने दाखवणार असाल तर आम्ही तुमच्याकडे येतो, तर दुकानदार नाही म्हणेल काय? नोंदणी आहे की नाही हे त्या पोर्टलवर पाहता येते. कारखाना तेलाची भट्टी असेल तर यंत्र कोणते, राज्य मंडळाचे संमतीपत्र कधीपर्यंतचे, हे दोन प्रश्न पुढचे. महापालिकेच्या के पूर्व, के पश्चिम, आर मध्य, एन आणि टी या विभाग कार्यालयांनी पावसाळ्याआधी उचललेले टायर कोणाला दिले, किती किलो दिले, हे आपल्या दारावर लिहून लावावे. सोसायटीची सर्वसाधारण सभा होते तेव्हा रंगकामाच्या निविदेवर दोन तास भांडण होते. त्या विषयपत्रिकेत जुन्या टायरचे एक कलम घालायला सचिवाला लेखी पत्र द्यावे, आणि कंपाउंडातली ती मृत माणसाची गाडी कधी हलणार तेही त्याच पत्रात विचारावे.